गोळा, घड्याळ आणि एक कोरी जागा

प्रश्न: मी एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात सिस्टर मागे उभ्या असतात तेव्हा माझे हात बरोबर चालतात. पण उपकेंद्रावर एकटी असताना पहिली बाळंतीण आली तर मी गडबडून जाईन अशी भीती वाटते. तुम्ही इतकी वर्षं खेड्यात काढलीत. तुमची पहिली एकटीची डिलिव्हरी कशी झाली? धीर कसा ठेवलात?

उत्तर:

2008 चा जुलै होता. अकोले तालुक्यात, घाटमाथ्याजवळच्या एका उपकेंद्रावर मला रुजू होऊन सात आठवडे झाले होते. आवणीचे दिवस, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्र 14 किलोमीटरवर, आणि मधला ओढा संध्याकाळपासून रस्त्यावरून वाहत होता. 108 ची गाडी महाराष्ट्रात यायला अजून काही वर्षं होती. मोबाईलला रेंज नव्हती.

रात्री 9:40 ला आशाताई एका बाईला घेऊन आल्या. दुसरी खेप, दिवस पूर्ण भरलेले, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. सोबत सासू, नवरा आणि गावातली एक जुनी सुईण आजी. मी तपासलं. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं, पाणमोट शाबूत, बाळाचे ठोके मिनिटाला 140, दहा मिनिटांत तीन कळा. पोटावरून हात लावला तर डोक्याचे पाचातले तीन भाग वर लागत होते. रक्तदाब 110/70, नाडी 84. सगळं ठीक होतं. तरीही पार्टोग्राफच्या कागदावर पहिली फुली मारताना माझा हात इतका थरथरत होता की ती दोन चौकोनांवर पसरली.

धीराचं तू विचारतेस. त्या रात्री मला धीराची गरज दोनदा पडली, आणि पहिली वेळ बाळ यायच्या कितीतरी आधीची होती.

मध्यरात्रीच्या सुमारास बाई थकली. कळ आली की ती खाटेची पट्टी धरायची आणि कण्हायची. सासू माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, कळांची सुई टोचा ना एकदाची. थोरल्याच्या टायमाला डाक्टरनी टोचली, घटकाभरात मोकळी झाली पोर. तुमच्याकडं नाही का सुई?"

सुई होती. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बर्फाच्या पिशव्यांमध्ये ऑक्सिटोसिनच्या आठ अँप्युल ठेवलेल्या होत्या, प्रत्येकी पाच युनिटच्या. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर जातो, आणि उपकेंद्रावर फ्रिज नव्हता. म्हणून दर दोन दिवसांनी मी बर्फ बदलून आणायचे. सासूंना ती पेटी दिसत होती. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्या घरच्यांच्या डोळ्यांत मी 'नवी बाई' होते, हात राखून ठेवणारी.

बाळ पोटात असताना ऑक्सिटोसिन स्नायूत टोचलं की ते परत काढता येत नाही. दवाखान्यात सलाइनमधून थेंब मोजून देतात. तिथे कळा जास्त झाल्या की थेंब बंद करता येतात, आणि गरज पडली तर सिझेरियनची सोय असते. टोचलेल्या सुईला बंद करायचं बटण नाही. एका कळेवर दुसरी कळ चढते, मधला विसावा जातो. बाळाला रक्तपुरवठा त्या विसाव्यातच होतो, म्हणून ठोके पडायला लागतात. दुसऱ्या तिसऱ्या खेपेच्या बाईची पिशवी फाटूही शकते. थोरल्याच्या वेळी काही झालं नाही, एवढ्यावरून ते सुरक्षित ठरत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि मध्यरात्री चार माणसांसमोर 'नाही' म्हणणं वेगळं. आत तपासून 'किती उघडलं' ते बघावं असंही मला सारखं वाटत होतं. पण चार तास झाले नव्हते. उगाच हात घातला तर जंतू आत जातात, आणि मी तपासणार होते ती तिच्यासाठी नव्हे, माझ्या भीतीसाठी. म्हणून मी पोटावरूनच बघितलं. डोक्याचे आता पाचातले दोनच भाग वर लागत होते. ठोके 138. कळा दहा मिनिटांत तीन, प्रत्येक चाळीस सेकंदांच्या आसपास.

मी सासूंना खाली बसवलं, त्यांचा हात धरून सुनेच्या ओटीपोटावर ठेवला आणि म्हटलं, "मावशी, मघाशी डोकं इथं लागत होतं. आता बघा, खाली सरकलंय. वाट चालू आहे. चालत्या बैलाला पराणी टोचली तर तो उधळतो. सुई मी देणार आहे, पण बाळ बाहेर आल्यावर, रक्त जाऊ नये म्हणून." त्या काही बोलल्या नाहीत. सुईण आजी म्हणाल्या, "बाई खरं सांगते. उतरतंय." माझ्या सात आठवड्यांच्या नोकरीपेक्षा त्या दोन वाक्यांचं वजन तिथे जास्त होतं.

त्यानंतर मी बाईला लघवीला जायला लावलं. आशाताईंनी कागदावर लिहिलं: 12:05, लघवी झाली, थोडी.

एक सवय मी शिकताना लावून घेतली होती. जे करते आहे ते मोठ्याने बोलायचं आणि वेळ सांगायची, दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. आमच्या ट्यूटर म्हणायच्या की गडबडलेल्या माणसाला दोन मिनिटंही दहा वाटतात आणि दहा मिनिटंही दोन. घड्याळाचं तसं होत नाही. त्या रात्री आशाताई कंदिलाजवळ बसून लिहीत होत्या. मी बोलायचे, त्या लिहायच्या. बोललेली गोष्ट करावीच लागते, त्यामुळे मनाची धावाधाव थोडी कमी होते.

1:40 ला आतून तपासलं. नऊ सेंटिमीटर. पार्टोग्राफवरच्या इशारा रेषेवर अगदी नेमकी फुली पडली. ती रेषेच्या उजवीकडे गेली असती तर मी वाट बघत बसले नसते, गाडीसाठी माणूस पाठवला असता. उपकेंद्रावर रेषा ओलांडली की हलवायचं. ओढ्याला पाणी आहे म्हणून तो नियम बदलत नाही, उलट निर्णय लवकर घ्यावा लागतो. 2:10 ला पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. 2:50 ला मुलगी झाली. मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा होता, तो डोक्यावरून काढला. ती लगेच रडली. पुसून आईच्या पोटावर ठेवली. आत दुसरं बाळ नाही हे पोटावरून पाहिलं आणि दोन अँप्युल, म्हणजे दहा युनिट ऑक्सिटोसिन मांडीत दिलं. सासूंकडे बघून म्हटलं, "ही बघा सुई." त्या हसल्या. 2:58 ला वार पडली. मी ती ताटात पसरून कंदिलाच्या उजेडात पाहिली. सगळे भाग जागेवर, पडदे पूर्ण.

मला वाटलं, झालं. माझे खांदे खाली आले.

3:06 ला आशाताई म्हणाल्या, "सिस्टर, घडी बदलली आत्ताच, परत भिजली."

रक्त धो धो जात असेल अशी कल्पना करू नकोस. तसं असतं तर कुणालाही कळलं असतं. ते सलग, शांतपणे, कापडातून झिरपत जात होतं. पाच मिनिटांच्या आत एक घडी पूर्ण भिजली तर ते जास्त आहे, हे माप आम्हाला शिकवलेलं होतं. खाटेवरच्या कापडात, खालच्या गोणपाटात किती मुरलंय ते दिसत नव्हतं. डोळ्यांना दिसतं त्याहून रक्त नेहमी जास्तच गेलेलं असतं, आणि नऊ हिमोग्लोबिनच्या बाईला अर्धा लिटरसुद्धा जड जातं.

मी पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर बेंबीच्या खाली गोळा लागायला हवा, कडक कैरीसारखा. माझ्या हाताला भिजवलेली कणीक लागली. पोटात धस्स झालं ते आजही आठवतं. काही क्षण डोकं रिकामं होतं, फक्त कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता. मग तोंडातून सवयीने शब्द गेले: "3:07, गोळा मऊ. चोळते आहे." ते वाक्य उच्चारलं आणि हात चालू झाले.

गोळा चोळल्यावर दोन मोठ्या गुठळ्या पडल्या आणि तो आवळला. हात काढला की पुन्हा सैल. मी नवऱ्याला हाक मारली: "जीपवाल्याला उठवा. ओढा उतरायची वाट बघायची नाही, गाडी दारात हवी." रक्त थांबेल की नाही हे तेव्हा ठरलं नव्हतं. गाडी बोलावण्यासाठी ते ठरायची वाट बघायची नसते. थांबलं तर गाडी परत जाते, एवढंच.

आता मला सलाइन लावायचं होतं आणि हात गोळ्यावरून काढायचा नव्हता. मी सुईण आजींना जवळ बोलावलं. त्यांना 'पोट दाबू नका' असं शिकवण्यात मी सात आठवडे घालवले होते. बाळ बाहेर यायच्या आधी वरून दाबणं चूक, हे खरंच आहे. पण आता मला त्यांचे हात हवे होते. मी त्यांचा तळवा माझ्या तळव्याखाली धरला आणि कसं गोल गोल चोळायचं ते दाखवलं. त्यांनी लगेच पकडलं. "सैल झाला की बोला," म्हटलं. त्या दर थोड्या वेळाने सांगत राहिल्या, "कडक... कडक... सैल व्हतोय." नाडी 112, रक्तदाब 100/60. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्या हाताला अठरा नंबरचा कॅन्युला बसला. 500 मिली रिंगर लॅक्टेटमध्ये चार अँप्युल, वीस युनिट, मिनिटाला साठ थेंब. आता पेटीत दोनच अँप्युल उरल्या होत्या.

बाटली चालू होती, चोळणं चालू होतं, तरी आजी म्हणत होत्या, "सैल व्हतोय." आणि मी आणखी जोरात चोळायला पुढे झाले. इथे मी चुकत होते. उपाय लागू पडत नसेल तर तोच उपाय वाढवत नेण्याकडे भीती आपल्याला ढकलते. त्या वेळी मला थांबवलं ते शिकताना घोकलेल्या चार कारणांनी. बाळंतीण रक्त टाकते ती गोळा सैल म्हणून, वारेचा तुकडा आत राहिला म्हणून, कुठे फाटलं म्हणून, किंवा रक्त गोठत नाही म्हणून. मी मोठ्याने एकेक बोलायला लागले. वार पूर्ण होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. टॉर्च घेऊन खाली पाहिलं, फाटलेलं दिसलं नाही. पडलेलं रक्त गोठत होतं, गुठळ्या समोर होत्या. म्हणजे गोळाच. मग तो औषध देऊनही का सैल आहे?

हात पुन्हा पोटावर ठेवला, पण या वेळी चोळायला नाही, नुसता बघायला. गोळा बेंबीच्या वर होता. आणि मधोमध नव्हता, उजवीकडे सरकलेला होता. त्याच्या खाली, ओटीपोटात, एक वेगळा मऊ फुगवटा होता.

लघवी. 12:05 ला थोडी झाली होती, आणि त्यानंतर मी तिला दोनदा चहा, तीनदा पाणी पाजलं होतं. डोक्याच्या दाबाने तेव्हाही मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नसणार. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बाजूला ढकलतं, त्याला नीट आवळता येत नाही. तू वरून कितीही चोळ, खाली पाण्याची पिशवी अडकलेली आहे.

हातमोजे बदलले, भाग स्वच्छ केला, उकळून ठेवलेला रबराचा साधा कॅथेटर घातला. ताटलीत लघवी येत राहिली. आशाताईंनी मोजली, साडेचारशे मिली. आजींचा हात गोळ्यावरच होता. त्या एकदम म्हणाल्या, "खाली आला. दगडासारखा झाला." 3:19.

घडी बदलली. पाच मिनिटांनी पाहिली, बोटभर डाग. पुन्हा पाच मिनिटांनी, तेवढाच. बाळाला छातीशी लावलं. बाळ ओढायला लागलं की आईच्या अंगातलं ऑक्सिटोसिन स्रवतं आणि गोळा आणखी आवळतो, तेव्हा ते नुसतं कौतुकाचं काम नाही, उपचाराचा भाग आहे.

जीप 4:10 ला आली. नवरा म्हणाला, "आता थांबलंय ना बाई? मग कशाला हलवता अशा पावसात?" हा प्रश्न रास्त होता. मी नाडी पाहिली, 100. अजून वाढलेलीच. माझ्या हिशोबाने रक्त सहाशे मिलीच्या पुढे गेलेलं, आधीच पांढरी पडलेली बाई, पेटीत दोन अँप्युल. पुन्हा सैल झाला तर माझ्याकडे पुढची पायरी नव्हती, आणि रक्त चढवायची सोय तर नव्हतीच. मी त्याला हेच सांगितलं, याच शब्दांत. तो ओढा बघून आला. पाणी गुडघ्याखाली होतं. आम्ही ग्रामीण रुग्णालयात निघालो. वाटभर माझा एक हात तिच्या पोटावर होता आणि बाटली सासूंनी उंच धरली होती. उतारात जीप आदळली की मी सांगायचे, "गोळा कडक आहे," आणि सासू ते वाक्य सुनेला पुन्हा सांगायच्या.

तिला तिथे तीन दिवस ठेवलं. रक्त चढवावं लागलं नाही.

पण तुला सांगायची गोष्ट इथे संपत नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती रक्त गेलं?" मी उत्तर द्यायच्या आधी आशाताईंनी लिहिलेला कागद पुढे केला. त्यात घड्यांचा हिशोब होता, प्रत्येक औषधाची वेळ होती, नाडीचे आकडे होते. डॉक्टरांनी तो वरून खाली वाचला. मग बोट एका जागी ठेवलं. 12:05, लघवी झाली, थोडी. त्याच्याखाली लघवीची पुढची नोंद 3:17 ची, कॅथेटरची. मध्ये तीन तास. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "इथे काय झालं?"

मी म्हटलं, "विसरले, सर."

हे म्हणताना मला त्या रात्री दुसऱ्यांदा धीर लागला. आवळला न जाणारा गोळा समोर असताना हात कामाला लागतात, पण दिवस उजाडल्यावर, सगळं सुखरूप झाल्यावर, स्वतःची चूक तोंडाने सांगणं अवघड असतं. पाऊस होता, कंदील होता, एकटी होते, ही कारणं माझ्या जिभेवर होती. ती खरी होती, पण त्यांच्यामुळे लघवी राहिली नव्हती. घरच्यांना थोपवण्यात आणि नंतर बाळाच्या आनंदात माझं लक्ष गेलं होतं. आणि सैल गोळा दिसताच सर्वात आधी मूत्राशय बघायला हवं होतं, तिथेही मी दहा-बारा मिनिटं घालवली. त्या मिनिटांत किती रक्त गेलं ते मला माहीत आहे, कारण कागदावर लिहिलेलं होतं.

तेव्हापासून मी पार्टोग्राफच्या शेजारी लघवीसाठी दर दोन तासांच्या वेळा आधीच लिहून ठेवते. वेळ लिहिलेली असते आणि पुढची जागा कोरी. ती कोरी जागा दिसत राहते.

आता तुझ्या हाताशी तेव्हापेक्षा जास्त साधनं असतील. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत, हे आता उपचारात आलं आहे. तुझ्या केंद्रावर ते आहे का आणि तुला द्यायची परवानगी आहे का, हे रुजू झाल्याच्या दिवशीच विचारून घे. कॅथेटर घालूनही रक्त थांबलं नाही तर एक हात आत, एक वर ठेवून पिशवी दोन्हीकडून दाबून धरायची आणि तशीच गाडीत बसायचं. ते पुतळ्यावर इतक्या वेळा कर की हात आपोआप जागेवर जातील.

आणि तू अजून वॉर्डात आहेस, तोवर एक कर. तुझ्या पाळीत जितक्या बाळंतिणी होतील, त्यांच्या पोटावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी स्वतः हात ठेव. सिस्टरांनी ठेवला असला तरी ठेव. आधी लघवी झाली का विचार, मग हात ठेव. गोळा कुठे आहे, मधे आहे का बाजूला, कडक आहे का मऊ, हे डोळे मिटून सांगता येईपर्यंत. मागे सिस्टर उभ्या आहेत तोवर चुकलेला अंदाज त्या सुधारतील. पन्नास कडक गोळे हाताखालून गेले की एकावन्नावा मऊ निघाला तर तो अंधारातही कळतो.